इथूनच पुढे सांगते

सासूबाईंच्या घशात गाठ निघाली तेव्हा सगळ्यात आधी घाबरली ती सून. सासूबाई स्वतः डॉक्टरांना एवढंच म्हणाल्या, "चाळीस वर्षं वॉर्डात ओरडले, गाठ नाही पडणार तर काय मोती पडणार?"

डॉक्टर हसले, पण लगेच गंभीर झाले. स्वरयंत्रावरची गाठ काढायची, सोमवारी सकाळी. त्यानंतर दोन आठवडे पूर्ण मौन. आवाज परत येईल, बहुतेक येईल. पण तोच येईल असं काही सांगता येणार नाही. आणि तोवर बोलणं जितकं कमी तितकं बरं.

"बहुतेक" हा शब्द दोघी घरी घेऊन आल्या आणि कुणीच तो बाहेर काढला नाही.

सासूबाईंना सगळे सिस्टर म्हणत. घरात, दारात, औषधाच्या दुकानातसुद्धा. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली होती, पण सेवा सुटली नव्हती. दर गुरुवारी संध्याकाळी पाच वाजता त्या लॅपटॉपसमोर बसत, आणि ज्यांच्या घरी कुणीतरी अंथरुणाला खिळलेलं आहे अशा माणसांना शिकवत. कूस कशी बदलायची, पाठ कशी तपासायची, घास भरवताना मान कुठे धरायची. कुणाची आई, कुणाचा नवरा, कुणाचं मोठं झालेलं लेकरू. साठ-सत्तर जण जोडलेले असत. त्यातले निम्मे तर शिकायचं ते केव्हाच शिकले होते, तरी येत. ऐकणारा असला की सांगणाऱ्याला कंठ फुटतो, आणि सांगणारं कुणी असलं की ऐकणाऱ्याला धीर. देवानं ही जोडी अशीच लावून दिलेली आहे.

सून एका लहानशा प्रशिक्षण कंपनीत संहिता लिहायचं काम करी. सिस्टरांचे वर्ग त्याच कंपनीच्या पानावर चालत. तिच्या साहेबांनीच तोडगा काढला.

"ऑपरेशनच्या आधी एक नीट रेकॉर्डिंग करून ठेवू," ते फोनवर म्हणाले. "कधीही बघा, कितीही वेळा बघा. जुना लाइव्ह तसाच टाकता येणार नाही. बाजूला चॅट दिसतं, लोकांची नावं दिसतात, कुणाच्या घरचं दुखणं दिसतं. आणि सिस्टर दर दोन मिनिटांनी म्हणतात, 'माझा आवाज येतोय का?' रिप्ले बघणाऱ्यानं काय उत्तर द्यायचं? तुम्ही संहिता साफ करा, त्या नव्यानं वाचतील."

साहेबांना ऑफिसात 'घड्याळ' म्हणत. माणूस वाईट नव्हता. फक्त त्याची टिकटिक थांबत नसे. त्यांनी शब्दांची यादीच पाठवली. चॅट, पोल, खाली लिहा, शुभ संध्याकाळ, आत्ता, आज, उद्या, मागच्या गुरुवारी, पुढच्या गुरुवारी, प्रश्न शेवटी घेऊ. जिथे सापडेल तिथून उपटा.

सुनेनं गेल्या गुरुवारचं सत्र ऐकून शब्दन् शब्द उतरवून काढला आणि स्वयंपाकघरातल्या टेबलावर रंगवायला बसली. चॅटचा उल्लेख आला की पिवळा, पोल आला की निळा, वेळकाळ आला की गुलाबी. तासाभरानं कागद असे दिसायला लागले जसा रंगाऱ्याचा सदरा.

"अगं, माझं बोलणं राहिलंय का त्यात कुठे?" सिस्टर खांद्यावरून वाकून म्हणाल्या.

"आई, बोलू नका म्हटलंय ना डॉक्टरांनी."

"हळू बोलतेय."

"कुजबुजणं तर आणखी वाईट, हेही सांगितलंय."

सिस्टरांनी ओठांवर बोट ठेवलं, आणि डोळ्यांनी बोलत राहिल्या. त्यांना ते येत असे.

सून कामात चोख होती. नुसतं खोडून भागत नाही हे तिला ठाऊक होतं; खोडलं की तिथे खड्डा पडतो, तो भरावा लागतो. 'तुमच्याकडे गादी कुठली आहे ते चॅटमध्ये लिहा' होतं, तिथे तिनं लिहिलं, 'तुमच्याकडची गादी कुठली आहे ते एकदा दाबून बघा.' शेवटची प्रश्नोत्तरं तिनं मोडून टाकली आणि त्यातले नेहमीचे चार प्रश्न जिथल्या तिथे, विषयाला लागून बसवले. विचारणाऱ्यांची नावं काढून. 'रेकॉर्डिंग मेलनं पाठवू' हे तर हसतच खोडलं. तासाची संहिता पस्तीस मिनिटांची झाली.

एका वाक्यावर मात्र सिस्टर अडल्या. 'आजची लाली ही उद्याची जखम' असं त्या प्रत्येक वर्गात सांगत. बोटानं दाबून सोडलं तरी लाली तशीच राहिली तर समजावं, कातडी आतून हरतेय. तिथे चोळायचं नाही, तिथला भार काढायचा. आणि रंगानं सावळ्या माणसाची लाली दिसत नाही, म्हणून हात लावून ऊब बघायची. सुनेनं यादीप्रमाणे 'आज' आणि 'उद्या' उपटले होते. खाली उरलं होतं: 'लाली ही जखम.'

सिस्टरांनी पाटी ओढली. बोलायचं नाही म्हणून घरात पाटी आली होती. त्यांनी लिहिलं: 'हे तारखेचं आज नाही. हे रोजचं आज आहे.'

सून खजील झाली. "बरोबर आहे. राहू दे ते."

पोलचं काम सोपं वाटलं. लाइव्हमध्ये बाविसाव्या मिनिटाला सिस्टर विचारत, 'तुम्ही किती तासांनी कूस बदलता?' पडद्यावर चार पर्याय येत. दोन तास, चार तास, आठवेल तेव्हा, माहीत नाही. पोल चाळीस सेकंद उघडा राही आणि तेवढा वेळ सिस्टर गप्प बसत. मग निकाल बघून म्हणत, 'चला, आठवेल तेव्हावाले बरेच दिसताहेत. रागावत नाही.' सुनेनं निळ्या रंगाचा सगळा पट्टा काढला. प्रश्न तेवढा ठेवला आणि त्याला लागूनच उत्तर जोडलं: 'तुम्ही किती तासांनी कूस बदलता? साधारण दर दोन तासांनी बदलायला हवी. आता टाचांकडे वळू.' चाळीस सेकंदांची शांतता, साहेबांच्या भाषेत मेलेली हवा, निघून गेली.

शुक्रवारी दुपारी आतल्या खोलीत रेकॉर्डिंग झालं. दाराला दोन रजया टांगल्या. भिंतीवरचं घड्याळ उतरवलं, कॅलेंडर उतरवलं.

"स्वेटर पण काढा आई, ऋतू कळतो."

"मग थंडी वाजेल तेही कळेल," सिस्टर म्हणाल्या, पण काढला.

सुरू करण्याआधी त्यांनी डोळे मिटून हात जोडले. "देवा, जीभ तुझी. आज जरा ओरखडलेली आहे, चालवून घे." त्यांचे वडील देवाच्या दारी गाऊन निरूपण सांगत. सिस्टर लहानपणी त्यांच्या मागे बसून साथ धरत. तो गळा वारशानं आला होता, आणि आता तोच पणाला लागला होता.

सदतीस मिनिटांत काम उरकलं. दोन ठिकाणी अडखळल्या, ते सुनेनं कापलं. रेकॉर्डिंग स्वच्छ झालं. इतकं स्वच्छ की सून ऐकत होती आणि तिला काहीतरी टोचत होतं, पण काय ते सापडेना. सिस्टर खुर्चीतच बसून राहिल्या होत्या.

"कसं वाटलं?" सुनेनं विचारलं.

सिस्टरांनी पाटीवर लिहिलं: 'स्टेशनावरची सूचना.' मग ते पुसून लिहिलं: 'तुझी चूक नाही.'

शनिवारी सकाळी तिनं वर्गातल्या नेहमीच्या तिघांना बघायला दुवा पाठवला. दोघांचं उत्तर तासाभरात आलं. छान आहे, आवाज स्पष्ट आहे. तिसऱ्याचा थेट फोन आला.

तिसरे म्हणजे टेलिफोनकाका. लाइव्हमध्ये त्यांच्या खिडकीखाली 'टेलिफोन दुरुस्ती केंद्र' असं नाव येई. दुकान बंद होऊन बारा वर्षं झाली होती, टॅबलेटवर नाव तेच राहिलं होतं. त्यांची बायको पाच वर्षं अंथरुणावर होती. काका पहिल्या दिवसापासूनचे. दर गुरुवारी चॅटमध्ये दोनच शब्द लिहीत. सुरुवातीला 'हजर' आणि मध्ये कधीतरी 'आलो'.

"सूनबाई," काका म्हणाले. "खरं सांगायचं हं मला. माझं वय झालंय, मला सोसेल. सिस्टर गेल्या का?"

"अहो काका! काय बोलताय? इथे माझ्यासमोर बसून चहा पिताहेत."

"नक्की?"

"फोन देऊ का? बोलायची बंदी आहे, पण कप आपटून दाखवतील."

सिस्टरांनी खरंच कप बशीवर आपटला. पलीकडून काकांनी एवढा मोठा श्वास सोडला की सुनेला फोन कानापासून दूर धरावा लागला.

"मग बाळ, त्या थांबल्या का नाहीत?"

"कुठे काका?"

"कुशीच्या प्रश्नाला. दर गुरुवारी त्या विचारतात, किती तासांनी कूस बदलता, आणि थांबतात. मी उठतो, आत जातो, हिला डावीकडून उजवीकडे करतो, पाठीला उशी लावतो आणि पळत येतो. आलो म्हणून लिहितो. चाळीस सेकंदांत बसवलंय मी ते, वर्षभर सराव करून. आज त्यांनी विचारलं, मी उठलो. परत येतो तो बाई टाचांवर पोचलेल्या! मागे वळून बघितलंसुद्धा नाही. त्या असं कधी करत नाहीत हो. मी हिला म्हटलं, माणूस गेल्याशिवाय असा मागचं सोडून पुढे जात नाही."

सुनेनं रंगवलेले कागद पुढे ओढले. निळा पट्टा. चाळीस सेकंद. सिस्टरांनी वाचून दाखवलेला काकांचा 'आलो' तिनं पिवळ्यात टाकला होता. चॅटचा उल्लेख.

"काका, पण हे रेकॉर्डिंग आहे. तुम्हाला हवं तिथे थांबवता येतं. खाली बटण आहे की."

"बटण मला शिकवतेस?" काका दुखावल्यासारखे म्हणाले. "चाळीस वर्षं लोकांचे फोन खोलून बसवलेत मी. दिसतंय मला बटण. पण त्यांनी सांगितल्याशिवाय मी बाईंना बोलताना मध्येच थांबवू? असं शोभतं का?"

सुनेनं फोन ठेवला आणि सिस्टरांना सगळं सांगितलं. सिस्टर ऐकताना हसल्या, मग हसता हसता पदर डोळ्यांना लावला. त्यांना इतकी वर्षं वाटत होतं की ते 'आलो' म्हणजे काकांचं इंटरनेट परत आलं.

सुनेनं साहेबांना फोन लावला.

"एक भाग पुन्हा करायचाय सर. पोलच्या जागी. तिथे सिस्टर सांगतील, व्हिडिओ थांबवा, आत जा, माणसाची कूस बदला, मग या."

"थांबवा म्हणून आपणच सांगायचं?" टिकटिक सुरू झाली. "गेलेला माणूस परत येत नाही हो. आकडे बघा कुठलेही."

"आपले लोक परत येतात सर. त्यांना फक्त जा म्हणणारं कुणी लागतं. आणि वर्ग कूस बदलण्याचाच आहे ना? मग बघत बसण्यापेक्षा उठून गेले तर वर्ग जमला म्हणायचं."

टिकटिक थांबली. सुनेला वाटलं, घड्याळ बंद पडलं की काय.

"तुम्ही उत्तर आधीच जोडलंत तिथे गडबड झाली," ते शेवटी म्हणाले. "माझ्या यादीत विराम नव्हता, माझीही चूक. पण मग बटण सापडायला अवधी द्या. थांबवा म्हटल्यावर पाचसहा सेकंद तसेच सोडा, पडद्यावर मोठ्या अक्षरात पाटी दाखवा. म्हाताऱ्या माणसाचं बोट लगेच पोचत नाही. आणि सांधा दिसू देऊ नका. शुक्रवारचा आवाज आणि रविवारचा आवाज वेगळा येईल. जोड स्लाइडखाली लपवा."

"हो सर."

"माझी आई पण दोन वर्षं पडून होती," ते म्हणाले, आणि लगेच फोन ठेवला.

शनिवारची दुपार वाक्य शोधण्यात गेली. शांततेच्या आधी सिस्टर काय म्हणतील? सुनेनं लिहिलं: 'जा, मी इथेच आहे.'

सिस्टरांनी मान हलवली. पाटीवर लिहिलं: 'नसेन. सोमवारी दवाखान्यात असेन. नंतर गप्प.'

"आई, ते म्हणायची पद्धत आहे."

'खोटं बोलवणार नाही. ज्यांना सांगतेय त्यांच्यापाशी तर नाहीच.'

"बरं. 'मी वाट बघते'?"

'तेही लाइव्हचंच. हे बघतील तेव्हा मी झोपलेली असले तर?'

सून वैतागली. "मग तुम्हीच सांगा! चॅट नाही, वेळ नाही, तुम्ही नाही. उरलं काय?"

सिस्टरांनी पाटी पुसली. मग त्यांनी लिहायला घेतलं, वडिलांबद्दल. त्या कधी फारसं सांगत नसत. अण्णा गाताना मध्येच थांबायचे. आम्ही साथीला, आम्ही पण थांबायचो. मी एकदा विचारलं, अण्णा, विसरता का पुढचं? तर म्हणाले, नाही गं, लोकांना आत यायला दार उघडं ठेवतो. पाटी भरली. त्यांनी हाताच्या तळव्यानं ती पुसली आणि एकच ओळ लिहिली.

सुनेनं ती वाचली. मग संहितेत उतरवली, एक अक्षरही न बदलता.

रविवारी सकाळी पुन्हा रजया टांगल्या गेल्या. तेच पातळ, तोच दिवा, तीच खुर्ची; खुर्चीच्या पायांच्या खुणा सुनेनं शुक्रवारीच फरशीवर खडूनं करून ठेवल्या होत्या. आवाज शुक्रवारपेक्षा खरबरीत झाला होता. सिस्टरांनी कोमट पाण्याचे दोन घोट घेतले, हात जोडले, या वेळी देवाला मनातच काय ते सांगितलं. आणि कॅमेऱ्याकडे बघितलं. शुक्रवारी त्या कागदाकडे बघत होत्या. आज नजरेसमोर टेलिफोनकाका होते.

"तुम्ही किती तासांनी कूस बदलता?" त्यांनी विचारलं. "शेवटची कधी बदलली, आठवतंय? नसेल आठवत तर रागावत नाही. आता असं करा, हा व्हिडिओ थांबवा. मला मध्येच थांबवलंत म्हणून काही बिघडत नाही, मीच सांगतेय. आत जा. आपल्या माणसाला कुशीवर घ्या, पाठीला उशी लावा, टाचा गादीवर टेकल्या नाहीत ना बघा. घाई करू नका. तुम्ही परत याल तेव्हा इथूनच पुढे सांगते."

मग त्या गप्प झाल्या. एक, दोन, तीन. सून मनगटावरच्या घड्याळाकडे बघून बोटांवर मोजत होती. सहा झाले. सिस्टर तशाच बघत राहिल्या. सात, आठ. सुनेनं थांबवलं नाही.

"आलात? बरं केलंत. साधारण दर दोन तासांनी हे करायचं…"

शेवटचं वाक्य संपलं, सुनेनं रेकॉर्डिंग बंद केलं आणि म्हणाली, "झालं आई. आता एक शब्द नाही."

सिस्टरांनी ओठांवर बोट ठेवलं.

ऑपरेशन सोमवारी नीट झालं. बुधवारी त्या घरी आल्या. गळ्याभोवती रुमाल, हाताशी पाटी, उशाशी पाण्याचा पेला. वॉर्डातल्या मुलींनी त्यांना खूप हसवायचा प्रयत्न केला म्हणे, पण त्यांनी हसूसुद्धा आवाज न करता हसून दाखवलं.

गुरुवारी पाचला त्यांचं लक्ष कुठेच लागेना. इतक्या वर्षांत पहिला गुरुवार, की पाच वाजले आणि त्या लॅपटॉपसमोर नाहीत. सून मुद्दाम जवळ येऊन बसली. रेकॉर्डिंग दुपारीच पानावर चढलं होतं. कोण बघतंय, कुठे थांबतंय याची नोंद कंपनीच्या पानावर दिसे. ती नोंद तिनं उघडून सिस्टरांच्या मांडीवर ठेवली.

एकोणतीस जणांनी उघडलं होतं. कुणी दहाव्या मिनिटाला सोडून गेलं होतं, कुणी पुन्हा पहिल्यापासून लावलं होतं. आणि एका ओळीत नाव होतं: टेलिफोन दुरुस्ती केंद्र. सुरू, पाच वाजता. थांबवलं, पाच वाजून सतरा मिनिटांनी.

पुढे काहीच नाही.

सिस्टर त्या ओळीकडे बघत राहिल्या. पाच वीस झाले. सुनेनं पान ताजं केलं. काही नाही. पाच पंचवीस. सिस्टरांनी पाटी उचलली, 'फोन कर' लिहिलं, पुसलं. घाई करू नका असं त्यांनीच सांगितलं होतं.

पाच एकोणतीसला ओळ बदलली. पुन्हा सुरू.

पंधराएक मिनिटांनी सुनेच्या फोनवर निरोप आला. काका दोनच्या वर शब्द लिहीत नसत, आज लिहिले होते:

'आलो. कूस झाली. पाठ पुसली, पावडर लावली. केस पण विंचरले, कधीचे राहिले होते. ती विचारत होती, आज घाई नाही का. म्हटलं, सिस्टर म्हणाल्या, घाई करू नका.'

सुनेनं मोठ्यानं वाचून दाखवलं. शेवटच्या वाक्याला तिचा आवाज जरा हलला, पण घरात बोलू शकणारं तेवढं एकच माणूस होतं, म्हणून तिनं ते पूर्ण केलं.

सिस्टरांनी खडू घेतला. त्यांनी लिहिलं आणि पाटी सुनेपुढे धरली:

'बघ. चाळीस सेकंद कमीच पडत होते. इतकी वर्षं मला कुणी सांगितलंच नाही.'